दुसऱ्यांदा कार्यमुक्त

माणूस एकदाच निवृत्त होतो असा माझा समज होता. मी दोनदा झाले. पहिल्यांदा शाल, श्रीफळ, भाषणं आणि फुलांचे हार होते. दुसऱ्या वेळी यातलं काही नव्हतं, तरी ती दुसरी वेळ आठवली की मला आजही एकटीलाच हसू फुटतं.

माझी सगळी नोकरी वीज कंपनीच्या चाचणी विभागात गेली. चाचणी विभाग म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं. तुमच्या घरी फ्यूज असतो. काही बिघडलं की तो उडतो आणि घर वाचतं. गावाला वीज देणाऱ्या मोठ्या उपकेंद्रात ते काम रिले नावाचं यंत्र करतं. ते कपाटात बसून चोवीस तास तारांमधला प्रवाह बघतं आणि गडबड दिसली की डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडायला सांगतं. हा पहारेकरी जागा आहे का, उगाचच तर ओरडत नाही ना, आणि खरा चोर आला तर ओरडेल ना, हे तपासणं म्हणजे आमचं काम. आमचं काम नीट झालं तर कुणाला काही कळत नाही. चुकलं तर अर्धा जिल्हा अंधारात जातो आणि सगळ्यांना आमची नावं पाठ होतात.

माझं माहेर सिल्लोडचं. तिथल्या एका कापूस-जिनिंगवाल्या शेठची गोष्ट सांगते, म्हणजे आमची गिऱ्हाइकं कशी असायची ते कळेल. शेठनी तक्रार केली की दुपारची लाइट शिळी येते. शब्द त्यांचाच. "सकाळची लाइट ताजी अस्ती मॅडम, मशीन कशी पळती. दुपारची शिळी. मशीन लई कुथती." मी गेले, मोजलं, तर दुपारी दाब खरोखर पडत होता. कारण त्यांच्याच आवारात होतं. दाब सावरायला जी कपॅसिटरची पेटी बसवतात, ती त्यांच्या माणसानं आवाज करते म्हणून बंद करून ठेवली होती. चालू केली आणि मशीन सुरळीत चालली. शेठनी हात जोडले आणि मला पोतंभर मक्याची कणसं देऊ केली. मी कणसं घेतली नाहीत. आता वाटतं, दोन-चार तरी घ्यायला हवी होती. इतकी कोवळी कणसं पुन्हा कधी दिसली नाहीत.

असो. मी कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले आणि चिकलठाण्याच्या घरी गच्चीवर कुंड्या मांडल्या. कुंड्यांना अजून फुलं यायची होती तेवढ्यात विलास बोर्डेंचा फोन आला. बोर्डे एके काळी माझ्या हाताखाली शिकाऊ होते. आता ते अधीक्षक अभियंता झाले होते, पण मला अजून मॅडम म्हणत.

"मॅडम, बिडकीनकडं नवीन उपकेंद्र येतंय. चाचणीला माणूस नाय. सल्लागार म्हणून या."

सल्लागार हा प्रकार मजेशीर असतो. निवृत्त अधिकाऱ्याला त्याचीच जुनी कंपनी अकरा महिन्यांच्या करारावर परत बोलावते. जाहिरात निघते, मुलाखत होते, शासकीय डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो. पेन्शन चालूच राहते, वर ठरावीक मानधन मिळतं. मात्र सल्लागार कर्मचारी नसतो. त्याला वैद्यकीय रजा नाही. त्यानं कोणत्याही आदेशावर सही करायची नाही, यार्डात, म्हणजे उपकेंद्राच्या उघड्या आवारात, काम करायचा परवाना स्वतःच्या नावानं घ्यायचा नाही. फक्त सांगायचं. सही नियमित अधिकाऱ्यानं करायची आणि जबाबदारीही त्याचीच. करार मोडायचा तर दोन्ही बाजूंना एक महिन्याची लेखी नोटीस. मी पस्तीसेक वर्षं सह्या केल्या होत्या. आता नुसतं बोलायचं, यासारखं सुख नाही असं वाटून मी हो म्हटलं. करार संपला, नवा झाला, तोही संपला, तिसरा झाला.

सही करणारी अधिकारी होती प्रतिभा गायकवाड, उपकार्यकारी अभियंता. चाळिशीतली, हुशार, हातानं काम करायला न लाजणारी. तिच्यात एकच खोड होती. शेजारी मी असले की ती मीटरकडं बघायच्या आधी माझ्या तोंडाकडं बघायची. मी मान हलवली की तिची सही. मलाही ते आवडत होतं, हे कबूल करायला हरकत नाही. म्हातारपणी आपल्या मानेला एवढं वजन कुणाच्या घरात मिळतं?

तिसऱ्या कराराच्या उन्हाळ्यात मला चक्कर यायला लागली. आधी जिना चढताना, मग नुसतं उभं असताना. आमचे हे, लतीफ, यांचं चष्म्याचं दुकान आहे. त्यांच्या मते जगातला कोणताही आजार डोळ्यांच्या नंबरातून सुरू होतो.

"नंबर बदल्या हुईंगा नसरीन," ते म्हणाले आणि मला दुकानातल्या खुर्चीवर बसवलं.

नवा चष्मा झाला. चक्कर गेली नाही. त्यांनी काचा बदलल्या. मग फ्रेम जड असेल म्हणून फ्रेम बदलली. माझ्याकडं इतके चष्मे झाले की प्रत्येक खोलीत एक पडून असे, आणि त्या प्रत्येकातून मला जग सारखंच गोल फिरताना दिसत असे.

मग बिडकीनचा तो दिवस आला. नव्या ट्रान्सफॉर्मरची चाचणी चालू होती. तो भाग बंद होता, पण दोरी बांधून वेगळ्या केलेल्या पलीकडच्या भागात वीज होती. मी प्रतिभाला वरची एक जोडणी हात करून दाखवत होते. वाक्य अर्धं बोलले आणि पुढचं मला काहीच आठवत नाही. नंतर कळलं ते असं, की मी दोरीच्या दिशेनं कलले आणि प्रतिभानं माझं जॅकेट मागून दोन्ही हातांनी धरून मला खडीवर बसवलं. जाग आली तेव्हा ती माझ्यापेक्षा पांढरी पडली होती.

"मॅडम, तुम्ही दोरीपलीकडं चालल्या होत्या," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला. डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी कागद माझ्यापुढं धरला. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला संदेश खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नव्हता. खालचा कप्पा आपल्या मनानं, सावकाश, जमेल तसं काम करत होता. मेंदूला रक्त कमी पडत होतं म्हणून चक्कर.

"म्हणजे वायर तुटली," मी म्हणाले.

"तसंच समजा. पेसमेकर बसवावा लागेल. उद्याच."

लतीफ बाजूला उभे होते. त्यांनी खिशातून चष्म्याचं फडकं काढलं आणि स्वतःचे डोळे पुसले. मग हळूच विचारलं, "तो नंबर का कुछ नई था?"

पेसमेकर बसवताना पूर्ण भूल देत नाहीत. डाव्या खांद्याखालची जागा बधिर करतात, शिरेतून बारीक तार हृदयात सोडतात आणि काड्यापेटीएवढं यंत्र कातडीखाली ठेवतात. तार जागेवर बसली आणि यंत्र सुरू झालं, त्या क्षणाचं मी काय सांगू. कुणीतरी डोक्यातल्या सगळ्या खोल्यांतले दिवे लावावेत तसं झालं. छताचा रंग दिसला. नर्सच्या कानातले हिरवे खडे दिसले. आणि मी बोलायला लागले. डॉक्टरांना विचारलं, हे सतत धक्के देतं की हृदय चुकलं तरच? ते म्हणाले, फक्त चुकलं तरच, एरवी बघत बसतं. मी विचारलं, किती वेळ वाट बघतं? सेटिंग बदलता येतं का? बाहेरून खोटा संदेश आला तर फसेल का? डॉक्टर टाके घालत होते. ते म्हणाले, "आजी, थोडं गप्प बसाल का?" मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी आजी म्हणालं आणि त्याचंही मला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी यंत्र तपासायला एक तंत्रज्ञ आली. तिनं छातीवर एक चकती धरली आणि आपल्या संगणकावर काहीतरी दाबलं. माझं हृदय एकदम जोरात धावायला लागलं. मग तिनं ते हळू केलं. मी पलंगावर पडल्या पडल्या खदाखदा हसत होते. जन्मभर मी यंत्रांना खोटे संदेश देऊन त्यांची परीक्षा घेतली होती, आज माझी चालली होती. "चाचणीचा अहवाल मलाही द्या," मी तिला म्हटलं. तिनं दिला. मी तो लतीफना वाचून दाखवला. त्यांना काही समजलं नाही, पण त्यांनी प्रत्येक ओळीला "हौ, हौ" म्हटलं.

घरी सोडताना डॉक्टरांनी नियम सांगितले. काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. मोबाइल उजव्या कानाला. यंत्राचं कार्ड कायम जवळ. मिक्सर, टीव्ही, पंखा सगळं चालेल.

"आणि उपकेंद्र?" मी विचारलं.

"कार्यालयात बसा. पण तुमच्या उच्च दाबाच्या यार्डात नाही. तिथलं क्षेत्र जोरदार असतं. यंत्र त्यालाच हृदयाचे ठोके समजलं तर गरज असताना गप्प बसेल. नवी यंत्रं बरीच सुरक्षित असतात, पण तुमचं हृदय आता पूर्ण त्याच्यावर आहे. मी तसं लिहून देतो."

म्हणजे मी ज्याला जन्मभर घाबरत आले तेच. खोटा संदेश आणि फसलेला पहारेकरी. मला समजायला दुसरं वाक्य लागलं नाही.

पण बोर्डेंना लागलं. ते घरी आले, पेढे घेऊन आले आणि बसल्या बसल्या म्हणाले, "मॅडम, यार्डात नका जाऊ. घरी बसा. प्रतिभा फोनवर व्हिडिओ दाखवेल, तुम्ही सांगा. करार तसाच राहू द्या."

खरं सांगते, मी हो म्हटलं. माझ्या मेंदूत इतकं रक्त पोचत होतं की मी कशालाही हो म्हटलं असतं. त्या आठवड्यात मी गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या हलवायला लावल्या, एका भाचीचं लग्न जुळवायचा घाट घातला आणि पोहायला शिकायचं ठरवलं होतं.

व्हिडिओवरचं काम सुरू झालं. प्रतिभा मोबाइल धरायची, मला दिसायचं एका पेटीचं झाकण, कोपरा, तिचा अंगठा. "हे बरोबर आहे ना मॅडम?" मी म्हणायची, "बहुतेक." एक दिवस तिनं एक आकडा वाचला, मी मान हलवली आणि तिनं सही केली. नंतर पुन्हा बघितलं तर तिनं शेजारच्या मीटरचा आकडा वाचला होता. त्यानं काही बिघडलं नाही, दुरुस्तही झालं. पण मी फोन खाली ठेवला. यार्डात असताना माझ्या मानेमागं माझे डोळे, कान, नाक असायचं. जळका वास मला झाकण उघडायच्या आधी यायचा. आता मागं काही नव्हतं. नुसती मान होती, आणि तिच्यावर ती सही करत होती. उद्या काही झालं तर चौकशीत नाव प्रतिभाचं लागणार होतं.

"मी सोडते," मी संध्याकाळी लतीफना म्हटलं.

"सोडो," ते म्हणाले. "पर बोर्डे साब छोड़ेंगे क्या?"

नाहीच सोडलं. मी दोन ओळींचं पत्र लिहिलं, डॉक्टरांचा दाखला जोडला आणि कार्यालयात गेले. बोर्डे म्हणाले, उपकेंद्र सुरू होईपर्यंत थांबा. मी म्हटलं, नोटिशीचा महिना आहे, तेवढी थांबतेच. ते म्हणाले, मग पत्र महिन्यानं द्या. आम्ही दोघंही हसलो, पण पत्र त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकलं. मी ते काढून आवक-जावकच्या टेबलावर नेलं आणि शिक्का मारून घेतला. शिक्का बसला त्या तारखेपासून नोटीस चालू होते. हे मी त्यांनाच शिकवलं होतं.

पुढचा अडथळा आस्थापना विभागातल्या मुळेंचा. मुळे भला माणूस, पण संगणकापुढं हतबल.

"मॅडम, राजीनामा टाकायचा तर सिस्टीम म्हणती कर्मचारी सेवेत नाय."

"मी सेवेत नाहीच मुळे. मी निवृत्त आहे."

"मग सोडायलात काय?"

"करार."

त्यांनी पडद्यावरचे पर्याय मला वाचून दाखवले. "राजीनामा, स्वेच्छानिवृत्ती, बडतर्फी, मृत्यू. यातलं कोणतं टाकू?"

मला हसण्याची उबळ आली ती थांबेना. डावा हात वर न नेता पोट धरून हसणं अवघड असतं. मुळे घाबरले, पाणी आणलं. शेवटी त्यांनी मुख्यालयाला फोन केला. तिथून कळलं की सल्लागार सोडून जातो तेव्हा राजीनामा घ्यायचाच नसतो. करार मुदतीआधी संपवल्याची टिप्पणी करायची, वैद्यकीय कारण लिहायचं, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायची. मग ओळखपत्र, लॅपटॉप, हेल्मेट परत करून ना-देय दाखला घ्यायचा. मुळेंनी सुटकेचा श्वास सोडला. "बरं झालं विचारलं," ते म्हणाले, "मी मृत्यूवर बोट ठेवलं होतं."

नोटिशीचा महिना मी कार्यालयात प्रतिभाबरोबर बसून काढला. फोन नाही, व्हिडिओ नाही. ती साइटवरून येऊन काय केलं ते सांगायची आणि मी एकच प्रश्न विचारायची, "तुला काय वाटतं?" पहिल्या आठवड्यात ती चिडली. दुसऱ्यात तिनं तोंड फुगवलं. तिसऱ्यात ती माझ्याशी भांडली आणि भांडणात ती बरोबर निघाली. त्या दिवशी मी घरी जाताना रिक्षात गात होते. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं.

ट्रान्सफॉर्मर चालू करायचा दिवस माझ्या नोटिशीतच आला. सुरक्षा अधिकाऱ्यांनी डॉक्टरांचा दाखला वाचला होता. त्यांनी मला फाटकातच अडवलं. योग्यच केलं. मी आणि लतीफ रस्त्यापलीकडच्या टपरीवर जाऊन बसलो. लतीफनी दुकान बंद ठेवलं होतं. मला चक्कर आली तर धरायला आलोय असं ते म्हणत होते, पण खरं त्यांना ट्रान्सफॉर्मर बघायचा होता.

दुपारी यार्डातून धाड असा आवाज आला. टपरीवरच्या बशा हलल्या. तो मोठा स्विच लागल्याचा आवाज. ट्रान्सफॉर्मर चालू झाला होता. आता त्याच्यावर थोडा थोडा भार टाकायचा आणि आकडे बघायचे. मी चहा मागवला. थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला, जरा वेगळा. मी कप खाली ठेवला.

"क्या हुआ?" लतीफनी विचारलं.

"बंद केला."

पाचेक मिनिटांत बोर्डे फाटकातून जवळजवळ धावतच आले. घामानं भिजलेले.

"मॅडम, भार वाढवला तसा रिलेमधला फरक वाढायला लागला. प्रतिभानं उडायच्या आधीच बंद केलं. आता काय?"

हे रिले ट्रान्सफॉर्मरमध्ये किती प्रवाह जातो आणि किती बाहेर येतो याचा हिशेब ठेवतं. जेवढं आत तेवढं बाहेर, तर सगळं ठीक. फरक दिसला तर आत काहीतरी जळतंय असं समजून ते वीज तोडतं. फरक भाराबरोबर वाढत असेल तर दोन शक्यता. एक तर ट्रान्सफॉर्मर खराब, नाहीतर मोजणीच्या तारा उलट जोडलेल्या. माझ्या मनात उत्तर तयार होतं. जिभेच्या टोकाशी होतं.

"प्रतिभा काय म्हणते?" मी विचारलं.

बोर्डेंनी रुमालानं मान पुसली. "ती म्हणती मॅडमला विचारू नका. म्हणती मला तारांची पेटी उघडू द्या."

माझ्या छातीत जे काही झालं ते यंत्रानं केलं की मी, सांगता येत नाही.

"मग माझा सल्ला लिहून घ्या," मी म्हणाले. "तिला पेटी उघडू द्या."

"एवढंच?"

"एवढंच."

ते परत गेले. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. लतीफनी मला बिस्किट दिलं, मी ते खाल्लं, दुसरं दिलं, तेही खाल्लं. टपरीवाल्यानं विचारलं, आत कुणी नातेवाईक आहे का. मी हो म्हटलं.

ऊन कललं तेव्हा पुन्हा धाड झाली. मग बराच वेळ काहीच नाही. काहीच नाही हा आमच्या धंद्यातला सगळ्यात गोड आवाज असतो. शेवटी प्रतिभा फाटकातून आली. हेल्मेट काखेत, कपाळावर केस चिकटलेले, हाताला ग्रीस. आली, माझ्यासमोर बसली, माझ्या पुढचा चहा उचलला आणि एका दमात पिऊन टाकला.

"भार घेतला," ती म्हणाली. "फरक शून्याला टेकलाय."

"छान."

"विचारणार नाही का, काय होतं?"

"नाही. तुझं काम आहे, तुझी सही आहे."

"खरंच नाही?"

मी लतीफकडं बघितलं. ते छपराकडं बघायला लागले.

"सांग ना गं," मी म्हणाले, "जीव जाईल माझा."

ती हसली. मग बशीतल्या सांडलेल्या चहात बोट बुडवलं आणि टेबलावर रेघा ओढायला लागली. हा ट्रान्सफॉर्मर, ही आतली बाजू, ही बाहेरची. आपली चाचणी झाल्यावर ठेकेदारानं पेटीतली तारा जोडायची एक तुटकी पट्टी बदलली होती आणि ती बदलताना एका तारेची दोन टोकं अदलाबदल झाली होती. त्यामुळं वजाबाकी व्हायच्या ऐवजी बेरीज होत होती. लतीफनी मधेच विचारलं की मग कमी भाराला का नाही समजलं, आणि तिनं त्यांना तेही समजावलं, उलटी तार म्हणजे काय, बेरीज लहान असते तोवर रिले का सोडून देतं, सगळं. चांगलं समजावलं. माझ्यापेक्षा बरं.

माझंच काम मला कुणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून सांगत होतं, आणि मी मधे एकदाही तोंड उघडलं नाही. लतीफ अजूनही ते सगळ्यांना सांगतात आणि वर म्हणतात, पेसमेकर का कमाल है.